खिसा आ वासू नये म्हणून: एका कुर्त्याच्या आणि जॅकेटच्या नोंदी

१८ डिसेंबर

पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या ताई आज पंचवटीत दुकानावर आल्या. हंगाम सुरू व्हायच्या आत त्यांना एक कुर्ता आणि शीतगृहात जाताना घालायला एक बिनबाह्यांचं जॅकेट हवं आहे. दोन्हींना खिसे हवेतच. मोबाइल, पेन, वजनाच्या नोंदीची छोटी वही, सगळं अंगावर लागतं, आणि वाकून पेट्या बघताना पर्स सांभाळता येत नाही. सोबत त्यांनी तयार घेतलेला एक जुना कुर्ता आणला होता. त्याचे बाजूचे खिसे सतत उघडे दिसतात. आतलं पांढरं कापड बाहेरून दिसतं, मोबाइल ठेवला की तोंड आणखी फाकतं. "मावशी, असा खिसा नको. नसलेला परवडला," असं म्हणाल्या.

कुर्ता ठेवून घेतला आणि त्या गेल्यावर टेबलावर सपाट पसरला. खिशाचं तोंड उघडं पडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाजही वेगळा असतो. म्हणून आधी मोजायचं, मग बोलायचं.

खिशाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरळ अंतर साडेसहा इंच भरलं. मग टेप उभी धरून पुढच्या कडेवरून, तिच्या लाटांसकट, हळूहळू फिरवली. इंचाचे आठ सूत धरून ती सहा इंच सात सूत भरली. म्हणजे साडेसहा इंचांच्या जागेत तीन सूत जास्त कापड उभं आहे. ते कुठे तरी जाणारच, म्हणून ते बाहेरच्या बाजूला झोळ होऊन पडतं. मागची कड एकच सूत वाढली होती. पुढची कड मोकळी असते, हात आत-बाहेर जाताना तीच ओढली जाते, म्हणून ती जास्त ताणली जाणं साहजिक आहे.

उलट करून पाहिलं तर आत पट्टी नाही, काही नाही. कापड नुसतं दुमडून पिशवीला जोडलेलं. पिशवी घसरड्या पातळ अस्तराची, आणि ती खिशाच्या तोंडाशिवाय कुठेच अडकवलेली नाही. मोबाइलचं सगळं वजन त्या ताणलेल्या कडेवर.

२० डिसेंबर

ताई मापाला आल्या. जुना कुर्ता त्यांना अंगावर घालायला सांगितला, कारण टेबलावर अर्धंच कळतं.

पहिल्यांदा खिसे रिकामे ठेवून सरळ उभं केलं. तोंड थोडं लाटेसारखं दिसत होतं, पण कुर्ता नितंबांवर ताणलेला नव्हता. आडव्या सुरकुत्या नव्हत्या. मग खुर्चीवर बसवलं. बसल्याबरोबर दोन्ही खिसे डोळ्यासारखे उघडले आणि खिशापासून पोटाकडे आडव्या ओढी दिसल्या. ही वेगळी गोष्ट झाली. उभं असताना लाट येणं म्हणजे कड वाढलेली आहे. बसल्यावर आडवी ओढ लागून तोंड फाकणं म्हणजे घेर कमी आहे. बाजूच्या शिवणीत तेवढीच एक जागा न शिवलेली असते, त्यामुळे कापड कुठेही ओढलं गेलं तरी फट तिथेच पडणार. शेवटी मोबाइल ठेवून चालायला सांगितलं. तेव्हा तोंडाची खालची बाजू पुढे लोंबली. ते पिशवीच्या वजनाचं काम.

तिन्ही कारणं एकाच कुर्त्यात निघाली. नुसती पट्टी लावून हे सुटलं नसतं, आणि नुसता घेर वाढवूनही नाही.

मापं: खांद्यापासून कंबर १५ इंच, नितंबांचा सगळ्यात भरलेला भाग २२ इंचांवर. उभ्याने घेर ४२, बसल्यावर साडेचव्वेचाळीस. हे बसल्याचं माप आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. बाजूचा खिसा असेल तर मी ते घेतेच.

आता खरी अडचण. ताईंना बाजूला कट हवाच आहे, चालायला मोकळं लागतं म्हणून. त्यांच्या जुन्या कुर्त्याचा कट २१ इंचांवर सुरू होतो. खिशाचं तोंड मला साडेसहा इंच हवं, त्यापेक्षा कमी केलं तर ताईंचा हात अंगठ्यासकट सहज जात नाही. कंबरेच्या रेषेवरच तोंड सुरू केलं तर कोपर फार वर उचलावं लागतं, म्हणून ते दीड इंच खाली घ्यायचं. म्हणजे तोंड साडेसोळा ते २३. त्याखाली किमान दीड इंच भक्कम शिवण हवी, नाहीतर कटाची ओढ थेट खिशाच्या टोकाला लागते. म्हणजे कट साडेचोवीसवर गेला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कट २१ वर असतो तेव्हा बसताना तो उघडतो आणि नितंबांना जागा देतो. तयार कुर्ते घेराला कमी असूनही चालतात ते त्यामुळेच. कट साडेचोवीसवर नेला की ती सोय संपली. भरलेला भाग २२ वर आहे आणि तो आता पूर्ण बंद नळीत येणार. मग ती जागा घेरातच द्यावी लागेल. बसल्याचा घेर साडेचव्वेचाळीस, त्यात दोन इंच मिळवून तयार घेर साडेसेहेचाळीस ठरवला. ताईंना वाटलं ढगळ दिसेल. त्यांना कागद कंबरेभोवती लावून दाखवला, कंबर ४० च ठेवली आहे, म्हणून अंगाबरोबर बसेल.

२१ डिसेंबर

मेन रोडवरून कापड आणलं. जाडसर सुती, गडद निळं, विणीला घट्ट. पिशवीला रुबिया. घसरडं अस्तर मुद्दाम घेतलं नाही, त्यात मोबाइल एका कोपऱ्यात सरकतो आणि पिशवी तिरपी ओढली जाते.

कापड आणि रुबिया दोन्ही रात्रभर पाण्यात. पट्टीसाठी लागणारा रुबियाचा काठसुद्धा त्याच बादलीत टाकला. पट्टी न भिजवता लावली तर पहिल्या धुण्यात ती आटते आणि खिशाच्या तोंडाला चुण्या पडतात. मग फट जाते, पण त्याच्या जागी गोळा येतो.

थंडी आहे, ऊन पातळ. सुकायला दुपार लागेल.

२२ डिसेंबर

संक्रांतीचे काळे कपडे शिवायला लोकांची रीघ लागली आहे, त्यातून वेळ काढून कागद बेतला.

कुर्ता प्रिन्सेस कटचा करते आहे, म्हणजे पुढे-मागे खांद्यापासून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणींचा. याचं कारण खिसाच आहे. आपल्याकडे बाजूच्या शिवणीत एकेक इंच माया सोडायची पद्धत आहे, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. पण बाजूच्या शिवणीत खिसा बसला की ती माया तोंडाशी कापावी लागते, तिथे इंचभराचा लगदा ठेवून खिसा कधीच सपाट बसत नाही. मग सैल करायची सोय बाजूला राहत नाही. ती मी प्रिन्सेसच्या चारही शिवणींत ठेवली, प्रत्येकी तीन सूत जास्त. ताईंना तसं सांगून ठेवलं, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणाकडे दिला तरी बाजू उसवायला लावणार नाहीत.

प्रिन्सेसच्या शिवणीचा दुसरा उपयोग पिशवी अडकवायला होणार आहे. ते पुढे.

कागदावर पुढच्या भागाची बाजू पाहिली तर कंबरेपासून नितंबापर्यंत सात इंचांत ती दीड इंचाहून जास्त बाहेर जाते. म्हणजे तोंडाची कड उभ्या धाग्यावर नाही, तिरकी आहे. पूर्ण उरेब नसली तरी उरेबाचा स्वभाव तिच्यात थोडा येतोच. हाताने नुसती धरून उचलली तरी वाढते.

कामाला येणाऱ्या मुलीने विचारलं, "काकू, एवढ्या जाड कापडाला पट्टी कशाला? हे थोडंच लोंबणार आहे?" तिला सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. उरलेल्या तुकड्यातून त्याच तिरकेपणाच्या दोन पट्ट्या कापल्या, दोन्हींवर साडेसहा इंचांवर खडूच्या खुणा केल्या. एकीला काठाची पट्टी शिवली, दुसरीला काही नाही. दोन्हींच्या टोकाला तांदळाची छोटी पुरचुंडी बांधून रात्रभर खिडकीच्या गजाला लटकवल्या.

२३ डिसेंबर

पट्टी नसलेला तुकडा दोन सूत वाढला. पट्टीवाल्याची खूण जागची हलली नाही. मुलीने दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवून पाहिले आणि मग स्वतःच रुबियाचा काठ कापायला घेतला.

काठ का, तर तो उभ्या धाग्यावर विणलेला असतो, ताणत नाही, आणि कड बंद असल्यामुळे दुमडावा लागत नाही. बाजारची सुती टेप चालते, पण या कापडाखाली ती जाड होते आणि इस्त्रीनंतर बाहेरून तिची रेघ उमटते. चिकट पेस्टिंगची पट्टी मी खिशाच्या तोंडाला वापरत नाही. हात रोज घासतो तिथे ती काही धुण्यांनंतर सुटायला लागते. शिवाय पेस्टिंग जर आडव्या धाग्यावर कापलं गेलं असेल तर तेही ताणतंच.

२४ डिसेंबर

आज पुढच्या भागाची तोंडं केली. यात घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

काठाची पट्टी तीन सूत रुंद, साडेआठ इंच लांब. तोंडाचे साडेसहा आणि दोन्ही टोकांना एकेक इंच जास्त, म्हणजे ताण टोकावर न थांबता भक्कम शिवणीत जातो. पट्टीवर साडेसहा इंचांच्या खुणा कागदावरून घेतल्या. कापडावरून घेतल्या नाहीत. कापड बेतताना, उचलताना थोडं वाढलेलं असतं, त्यावरून पट्टी मोजली तर वाढ पट्टीतच कायमची बसते. पट्टीची खूण कापडाच्या खुणेला टाचणीने लावली तेव्हा उजव्या बाजूला मधे केसभर कापड जास्त दिसलं. त्यावर ओला रुमाल ठेवून इस्त्री नुसती दाबली, फिरवली नाही. सुती कापड एवढं आत घेतं. मग उलट बाजूने धावदोऱ्याने पट्टी लावली, अशी की तिची कड शिवणीच्या रेषेच्या एक सूत पलीकडे यावी. म्हणजे पुढची पक्की टीप पट्टीतूनच जाते. टीप पट्टीच्या बाहेरून गेली तर पट्टीचा काही उपयोग नाही.

पिशवीचे दोन भाग. पुढचा रुबियाचा, मागचा कुर्त्याच्याच कापडाचा. मागचा भाग चालताना क्वचित दिसतो, तो निळाच असला तर नजरेत येत नाही. दोन्ही भाग बेतताना उभा धागा तोंडाला समांतर ठेवला.

आता जोडणीची जागा. बाजूची शिवण एक इंचावर आहे. पिशवीचा पुढचा भाग मी त्या रेषेवर जोडत नाही. तोंडाच्या मध्यभागी टीप रेषेपासून एखाद्या धाग्याएवढी मायेच्या बाजूला घ्यायची आणि दोन्ही टोकांना ती हळूच रेषेला मिळवायची. त्यामुळे उलटल्यावर पुढची कड रेषेपेक्षा जराशी पुढे येते आणि मागच्या भागावर झाकण धरते. हेच उलट झालं, म्हणजे टीप रेषेच्या आतल्या बाजूला गेली, तर पुढची कड मागे सरकते आणि अंगावर काहीही ताण नसताना फट दिसते. पुष्कळदा कापड ताणलेलं नसतं, घेरही पुरेसा असतो, तरी खिसा उघडा दिसतो, त्यामागे हीच एका धाग्याची बाब असते. ओळखायची खूण सोपी: खिसा बोटांनी बंद करून पाहावा. कडा एकमेकींना लागत असतील पण एकीवर दुसरी येत नसेल, तर जोडणी आत गेली आहे.

टीप झाल्यावर तोंडापुरती माया कापून तीन सूत ठेवली. दोन थर एकाच उंचीवर कापले नाहीत, पिशवीचा थर थोडा आखूड ठेवला. मग माया पिशवीकडे वळवून पिशवी आणि माया यांवर शिवणीपासून अर्ध्या सुतावर दाबटीप मारली. ही टीप बाहेरून दिसत नाही. पण तिच्यामुळे रुबिया आत वळून राहतो. काही जण याऐवजी बाहेरून तोंडाला टीप मारतात. तीही चालते, पण तिरक्या कडेवर बाहेरची टीप मारताना मशीनचे दात खालचा थर ओढतात आणि कड पुन्हा लांबते. दाबटीप मारताना पट्टी आतच असते, तो धोका राहत नाही.

दोन्ही तोंडं मोजली. साडेसहा, साडेसहा.

२६ डिसेंबर

मागच्या भागाला पिशवीचा निळा भाग नेमका शिवणरेषेवर जोडला. मग बाजूची शिवण: वरून तोंडाच्या टोकापर्यंत, तिथे उलट-सुलट टाके, खिसा सोडून खालच्या टोकापासून कटापर्यंत, तिथेही तसंच. तोंड लगेच धावदोऱ्याने बंद केलं. हा दोरा आता शेवटच्या इस्त्रीपर्यंत काढायचा नाही. तोंड उघडं ठेवून हाताळलं तर पट्टी असूनही कडा एकमेकींवरून सरकतात आणि इस्त्री वाकड्या जागी बसते.

पिशवी पुढच्या बाजूला वळवली. मागच्या भागाच्या मायेला तोंडाच्या वर आणि खाली शिवणीपर्यंत एकेक कट मारला, म्हणजे बाकीच्या शिवणीची माया दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करता येते आणि खिशापाशीच ती पुढे वळते. तो कट नसेल तर शिवण खिशाच्या दोन्ही टोकांना पीळ खाते.

पिशवीची खोली तोंडाच्या वरच्या टोकापासून साडेदहा इंच. म्हणजे पिशवीचा तळ २७ वर येतो आणि कट साडेचोवीसवर सुरू होतो. पिशवी सरळ खाली सोडली असती तर कटातून तिचा कोपरा डोकावला असता. म्हणून तोंड संपल्यावर पिशवीची कड पुढे, पोटाच्या दिशेने वळवून बेतली आहे, कटाच्या दुमडीपासून इंचभर लांब राहील अशी.

आणि आता वजनाचं काम. पिशवीची पोटाकडची कड प्रिन्सेसच्या शिवणीच्या मायेला जोडली, नुसत्या मायेला, बाहेरच्या कापडाला नाही. त्यासाठी ती शिवण आधी उघडून इस्त्री करावी लागते. जोड वरच्या चार इंचांपुरता आहे, खाली पिशवी मोकळी. पूर्ण उंचीला जोडली असती तर वाकताना पिशवी आणि कुर्ता एकमेकांना ओढत राहिले असते. आता पिशवी दोन शिवणींच्या मधे टांगलेली आहे. मोबाइलचं वजन प्रिन्सेसच्या शिवणीवरून थेट खांद्यापर्यंत जातं, तोंडाच्या कडेवर फार थोडं येतं. ज्या कुर्त्याला प्रिन्सेस शिवण नसते त्यात हेच काम पिशवीची वरची कड कंबरेच्या टक्सच्या दुमडीला अडकवून होतं. टक्सही नसेल तर पिशवी तोंडाच्या वर दोन इंच जास्त ठेवून बाजूच्या शिवणीतच पकडायची. ते कमी भक्कम आहे, पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरं.

शेवटी तोंडाच्या दोन्ही टोकांना दोन सूत लांबीचा आडवा बंद टाका, पुढचा भाग आणि पिशवी दोन्ही पकडून.

२८ डिसेंबर

ट्रायल. धावदोरा तसाच ठेवून घातला, इस्त्री करून मग काढला.

रिकामा उभ्याने: तोंड दिसतच नाही, शिवणीसारखं. बसल्यावर: उजवा बंद, डावा मधे सुतभर उघडला. पोटावर आडवी ओढ नव्हती, म्हणून घेराची शंका नाही. पाहिलं तर ताई बसताना डाव्या बाजूला झुकून बसतात, वही मांडीवर घेऊन लिहायच्या सवयीने. सरळ बसवल्यावर डावाही बंद. एवढं चालेल, यासाठी काही उसवणार नाही.

मोबाइल ठेवून चालून, वाकून, पेटी उचलल्यासारखं करून पाहिलं. पिशवी पुढे मांडीवर बसते, कटातून दिसत नाही. ताई आरशात बाजूने बघत राहिल्या, मग हात आत घालून म्हणाल्या, "हात काढला तरी बंद होतो की."

१ जानेवारी

जॅकेट. त्याचं कापड जाड, खादीसारखं, खिसे वरून लावायचे. इथे गणित वेगळं आहे. बाजूच्या खिशाला अंगाची ओढ बाधते. वरून लावलेला खिसा उघडा पडतो तो बहुतेक वेळा स्वतःच्याच रुंदीमुळे: खिशाचं तोंड ज्या जागेवर बसवलं आहे तिच्यापेक्षा मोठं असतं.

ते मोठं होतं दोन ठिकाणी. एक म्हणजे वरची कड दुमडून शिवताना. तोंड आडव्या धाग्यावर असतं आणि आडवा धागा उभ्यापेक्षा जास्त देतो. दुमडीच्या रेघेवर काठाची पट्टी धावदोऱ्याने लावली आणि मगच दुमडलं. सहा इंचांचा खिसा दुमड शिवल्यावरही सहाच भरला. दुसरं ठिकाण लावतानाचं, ते उद्या.

खिशाचा आकार पुठ्ठ्यावर कापला आणि कडा पुठ्ठ्यावर दुमडून इस्त्री केल्या. खालचे दोन कोपरे गोल आहेत, तिथे मायेत बारीक धावदोरा घालून ओढला म्हणजे माया पुठ्ठ्याभोवती सारखी बसते. अस्तर सगळीकडून एक सूत लहान, नाहीतर ते कडेला बाहेर डोकावतं आणि तोंडाला पुढे ढकलतं. खिशाचा उभा धागा जॅकेटच्या उभ्या धाग्याशी जुळवला. तो तिरका बसला तर धुतल्यावर खिसा एका दिशेने आटतो, जॅकेट दुसऱ्या, आणि मधे फुगा येतो.

३ जानेवारी

खिसे लावले.

टेबलावर सपाट ठेवून लावायचे नाहीत. खिशाची जागा पोट आणि नितंबाच्या मधल्या वळणावर येते. टॉवेल घट्ट गुंडाळून जॅकेटच्या खाली ठेवला आणि त्या गोलाईवर खिसा पसरून टाचण्या लावल्या, आधी तोंडाची दोन टोकं, मग तळ. वळणावर बाहेरच्या थराला आतल्यापेक्षा जरा जास्त अंतर कापावं लागतं. सपाट लावलेला खिसा अंगावर गेला की आखूड पडतो आणि मागच्या कापडाला चुण्या पाडतो. गोलाईवर लावून टॉवेल काढला तर खिशाच्या मधल्या भागात केसभर ढील दिसते. ती बरोबर आहे. पण ही ढील किती, हे गोलाईलाच ठरवू द्यायचं. अंदाजाने सैल सोडला की तोंड फाकलंच.

सगळीकडून धावदोरा घातला, टाचण्या काढल्या. टाचण्यांवरच टीप मारली तर दोन टाचण्यांच्या मधे कापड सरकतं.

टीप मारायची दिशा महत्त्वाची. एका टोकापासून सुरू करून खालून फिरून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात टीप मारण्याची सवय सगळ्यांनाच असते. मशीनचे दात खालचा थर ओढतात, वरचा पाय खिशाला पुढे ढकलतो. एका दमात गेलं की ही ढकललेली ढील सगळी शेवटच्या टोकाला जमा होते. तिथे तोंड वर सरकतं किंवा लांब पडतं. खिशाचं एकच टोक उभं राहिलेलं दिसलं तर ते यामुळे. मी दोन्ही बाजू तोंडापासून खाली, तळाच्या मध्यापर्यंत, वेगवेगळ्या मारते. जी काही ढील असेल ती गोल कोपऱ्यात उतरते आणि तिथे इस्त्रीने बसते. पायाचा दाबही एक फेरा कमी केला, कापड जाड आहे.

तोंडाच्या टोकांना बारीक त्रिकोणी टीप. तिच्या मागे उलट बाजूला कापडाचा छोटा तुकडा घातला आहे, कारण हात कोंबताना पहिल्यांदा तिथलंच जॅकेट फाटतं.

४ जानेवारी

कुर्ता आणि जॅकेट दोन्ही नेले. ताईंना सांगितलं, वाळत घालताना खिशात काही ठेवू नका आणि कुर्ता खिशाच्या तोंडाला चिमटा लावून टांगू नका. ओल्या कापडावर ओढ बसली तर पट्टीलाही मर्यादा आहे.

१७ जानेवारी

ताई कुर्ता धुऊन दाखवायला घेऊन आल्या. दरम्यान तो रोज वापरात होता. तोंड मोजलं: उजवं साडेसहा, डावं साडेसहा आणि धागाभर जास्त. पिशवीच्या तळाशी पेनच्या टोकाने टीप एका जागी सैल झाली होती, ती दुहेरी करून दिली. पुढच्या वेळी तळाला सुरुवातीलाच दुहेरी टीप.

जॅकेटच्या डाव्या खिशात वही उभी ठेवतात, ती तोंडाच्या वर इंचभर येते आणि तोंडाला सारखी बाहेर दाबते. खिसा बंद बसतो, पण वही आत असताना नाही. ते शिवणीने सुटणारं नाही, खोली वाढवावी लागेल. खिसा काढून नवा, साडेसात इंच खोल लावायचं ठरलं. जुन्या टिपेच्या भोकांवर नवी कड येईल अशी रुंदी सहाच ठेवायची आहे, खोली फक्त खाली वाढेल.

त्यांच्यासोबत पॅकहाउसमधल्या आणखी एक जणी आल्या होत्या, त्यांनाही तसाच कुर्ता हवा आहे. त्या उंच आहेत, कंबर साडेसोळावर. तोंड १८ ते साडेचोवीस, कट २६. बसल्याचा घेर घेऊन ठेवला. त्यांच्या बाजूच्या रेषेचा तिरकेपणा कमी आहे, पण पट्टी तीच, साडेआठ इंच.